घरच्यांचे आभार

शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५. आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सौ. सुनंदा यांचा सत्कार त्यांच्या अनुपस्थितीत उरकण्यात आला. त्या वेळी त्या त्याच इमारतीत, रंगमंचापासून हाकेच्या अंतरावर होत्या. ही तक्रार मी कार्यकारिणीकडे लेखी केली. उत्तर न आल्याने ती येथे नोंदवत आहे.

सुनंदाताई मूळच्या नाशिकच्या, राहायला कुवेतच्या फिंतास भागात. यजमान तेलशुद्धीकरण कारखान्यात. कुवेतला आल्यापासून प्रत्येक संमेलनाची रंगमंचामागची बाजू त्यांनीच सांभाळली: मुलांना नऊवारी नेसवणे, फेटे बांधणे, कोणी कुठून प्रवेश करायचा हे पाहणे, आणि रडणाऱ्याला दटावून हसवणे. परिणामी आपले एकही संमेलन त्यांनी समोरून पाहिले नाही. यंदा यजमान निवृत्त झाले. निवृत्तीबरोबर निवासाचा परवाना संपतो, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. डिसेंबरात त्यांना परतायचे होते.

सप्टेंबरच्या सभेत मी त्यांच्या सत्काराचा विषय मांडला. अध्यक्ष गुरुप्रसाद हसले.

"अहो, ताई आपल्या घरच्याच. घरच्यांचे का कोणी आभार मानतं?"

सुनंदाताई तिथेच पोह्यांच्या बशा भरत होत्या. "घरची असते, तर एकदा तरी पहिल्या रांगेत बसवलं असतं, भाऊ. मला घरातली नका समजू, पाहुणी समजा. पाहुण्यांना शाल मिळते."

सगळे हसले आणि ठराव संमत झाला. जिना उतरताना त्या मला हळूच म्हणाल्या, "शालीचं काही नाही हो. त्या रंगमंचावर उभं राहून सभागृह कसं दिसतं, तेवढं एकदा बघायचंय."

आता आपली पद्धत पाहा. आभारप्रदर्शन सर्वांत शेवटी, भोजनाच्या आधी. क्रमही ठरलेला: प्रमुख पाहुणे, प्रायोजक, सभागृह देणारी शाळा, ध्वनियोजना, भोजनव्यवस्था, कलाकारांचे पालक आणि सरतेशेवटी कार्यकर्ते. दहा वाजता सभागृह रिकामे करून द्यायचे असते. त्या दिवशी एका प्रायोजकाने आपल्या नव्या शाखेची चित्रफीत दाखवली, पाहुण्यांचे भाषण लांबले, आणि बाहेरून मसालेभाताचा वास येऊ लागताच मागच्या रांगा उठल्या.

त्याच सुमारास शेवटचे समूहनृत्य संपवून मुली पडद्याआड गेल्या. त्यांचे दागिने उतरवणार कोण? अर्थात सुनंदाताई. ज्याचे आभार मानायचे तो आभाराच्या वेळी कामात असणार, ही या पद्धतीतच असलेली चूक आहे. ती आजवर कोणालाही दिसली नाही.

सूत्रसंचालक आलोक यांनी नाव पुकारताच मी रंगभूषेच्या खोलीकडे धावलो. ताईंनी नवी पैठणी नेसली होती, पदर कमरेला खोचलेला, दातांत केसांचे आकडे. एका मुलीच्या केसांत अंबाड्याची जाळी गुंतली होती आणि ती कळवळत होती.

"Aunty, it hurts!"

"दुखणारच गं राणी, शोभा फुकट येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबवा त्यांना. हिला अशी सोडून कशी येऊ?"

मी परतलो तेव्हा आलोक म्हणत होते, "वेळेअभावी सुनंदाताईंच्या वतीने अध्यक्षांच्या पत्नी श्यामलाताई हा सत्कार स्वीकारतील." शाल पांघरली गेली, छायाचित्र निघाले. मी विंगेतून हात हलवत होतो. गुरुप्रसादांनी घड्याळाकडे बोट दाखवले.

तेवढ्यात ताई आल्या. पदर नीट केलेला, चेहरा पुसलेला. त्यांनी रंगमंचाकडे पाऊल उचलले आणि त्याच क्षणी राष्ट्रगीत सुरू झाले. त्या जागीच सावधान उभ्या राहिल्या, पडद्याच्या दुमडीमागे. सभागृहाला त्या दिसत नव्हत्या आणि त्यांना सभागृह दिसत नव्हते. राष्ट्रगीत संपताच पडदा पडला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज तेवढा आला.

श्यामलाताईंनी शाल त्यांच्या हाती दिली. "अगं, होतीस कुठे तू? सगळे शोधत होते!"

"घरातच होते," सुनंदाताई म्हणाल्या. शालीची घडी घालून त्या मुलींचे घुंगरू गोळा करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर 'सुनंदाताईंचा सत्कार' या शीर्षकाखाली श्यामलाताईंचे छायाचित्र झळकले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी आक्षेप घेतला, तेव्हा गुरुप्रसादांनी दूरध्वनी केला. "एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या वर्षी व्यवस्थित करू."

पुढच्या वर्षी ताई येथे नसतील. विमानतळावर निरोप द्यायला मी गेलो होतो, कार्यकारिणीपैकी कोणी नव्हते. शाल त्यांनी सामानात घेतली नव्हती. विचारले, तर म्हणाल्या, "वजन होतं हो."

या लेखाने काही बदलेल, अशी माझी अपेक्षा नाही. तरीही सभासदहो, मागणी करतो: यापुढे आभार पहिल्या कार्यक्रमाआधी माना, कार्यकर्त्यांची नावे प्रायोजकांच्या आधी घ्या, आणि ज्याचे नाव घेतले तो माणूस समोर येईपर्यंत जागेवरून उठू नका.