सदतिसावा आठवडा

सावनेरची एक गरोदर बाई माझ्या नागपूरच्या दवाखान्यात आली तेव्हा तिला सदतिसावा आठवडा लागला होता. चेन्नईला भावाकडे तिची आई मरणाच्या दारात होती. पाय मोकळे करता यावेत म्हणून तिने विमानात वाटेकडेची सीट घेतली होती. फक्त माझी चिठ्ठी हवी होती.

"मॅडम, पस्तीस आठवडे लिहून द्या ना. माय वाट पाहून राहिली."

"छत्तीस भरले की विमानात घेत नाहीत. मी खोटं लिहिलं आणि वर कळा सुरू झाल्या तर?"

ती फाइल उचलून निघून गेली. तिसऱ्या दिवशी आई गेली. पुढच्या आठवड्यात मीच तिचं बाळंतपण केलं. मुलीला कुशीत घेत ती म्हणाली, "मायनं हिले पाहिलंच नाही."

मी चुकले नव्हते. तरी तिच्याकडे बघवेना.