बाळाचे मोजे, दोन सुयांवर

शाळेत मी तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवलं. निवृत्तीनंतर संत तुकाराम नगरातल्या घरी सुनेने फोन उभा करून दिला आणि मी विणकामाचे व्हिडिओ काढू लागले. पहिल्याचं शीर्षक मी ठेवलं, 'गार्टर विणीतील शिशुमोजे'. वर्णनात लिहिलं, 'मऊ लोकर, पातळी सोपी'. बघणारे आम्ही घरचेच. दिवाळीपर्यंत वाट बघायची आणि गाशा गुंडाळायचा, असं मी ठरवलं होतं.

खालच्या मजल्यावरची भाडेकरीण मूळची बीडकडची. चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाईनवर कामाला, सातवा महिना. एका रविवारी सुया घेऊन वर आली, "काकू, मोजे शिकवा." मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "माझा व्हिडिओ आहे की."

"फोनमदी लई हुडकलं. तुमचा आलाच नाही."

"काय लिहिलंस?"

"बाळाचे लोकरीचे मोजे, दोन सुयांवर, पहिल्यांदा विणणारीसाठी."

'मोजे' सोडले तर माझ्या शीर्षकात यातला एकही शब्द नव्हता. माझा चेहरा पडला, पण ती थांबायला तयार नव्हती. "मऊ लोकर म्हणलं तर दुकानदार विचारतो, किती पदरी? आन् सोपं कुणाला? मला नुस्ता सुलट टाका येतो."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शेरे मारले. त्या दिवशी शेरा मला मिळाला. रागावले, मग सुनेला हाक मारली. शीर्षकात भाडेकरणीचेच शब्द घातले. वर्णनात लिहिलं: बाळासाठीची चार पदरी अॅक्रिलिक लोकर, दहा नंबरच्या दोन सुया, फक्त सुलट टाका येत असेल तरी जमेल, टाके कमी करायचे कसे ते दाखवलं आहे. 'गार्टर', म्हणजे नुसत्या सुलट टाक्यांची वीण, हा शब्द टाकून देणं माझ्या जिवावर आलं. "असू द्या की खाली, जाणकार हुडकतील," तीच म्हणाली. तो वर्णनाच्या शेवटी राहिला.

मग आठवा सरता सरता ती एक मोजा पुरा करून बाळंतपणाला माहेरी गेली. दुसऱ्यासाठीची लोकर सोबत होती, पण हात सुजले होते.

महिन्याभराने तिचा फोन आला. मुलगी झाली होती. "काकू, दुसरा मोजा आईनं विणला. तिला तुमचं काही सांगितलं नव्हतं. तिनं फोनमदी बोलून हुडकलं, 'बाळाचे मोजे दोन सुयांवर', आन् तुमचे हात आले. बांगडीवरून मी वळखले."

फोटोत तान्ह्या पायांत दोन मोजे होते. आजीचा मोजा जरा मोठा झाला होता. मी तो फोटो सुनेला दाखवला आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. खालच्या मजल्यावरच्या त्या पोरीने मला फुकट शिकवलं, आणि ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. दिवाळी कधीच होऊन गेली. काल टोपडं विणायला घेतलं. त्या व्हिडिओचं शीर्षक मात्र ती आल्यावर तिलाच विचारून ठेवणार आहे.