एकतीस तारखेनंतर सही नाही

राजीनाम्याचं पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला ते तीन पानांचं झालं होतं. शेवटी हातात राहिल्या त्या नऊ ओळी.

तहसील कचेरीत माझी तीस वर्षं कारकुनीत गेली. निवृत्त झाल्यावर हिंगोलीतल्या आमच्या सोसायटीच्या समितीवर निवडून आले आणि समितीनं मला सचिव केलं. चोवीस घरांची इमारत. कागद कसा लिहायचा, आवक-जावक कशी ठेवायची, हे माझ्याइतकं तिथं कुणाला येत नव्हतं. पाणी आलं नाही की माझं दार वाजायचं, लिफ्ट अडकली की माझंच. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेली. आमच्या तांड्यात शाळा शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई मीच. आता चोवीस घरं मला 'ताई' म्हणत होती आणि माझ्या सहीनं कामं होत होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींची बदली झाली, तसं त्यांनी घर विकायला काढलं. एसटीतल्या एका कंडक्टरशी व्यवहार ठरला. तोही तांड्यावरचाच, पण आमच्या नव्हे, कळमनुरीकडच्या. त्यानं सभासदत्वाचा अर्ज आणि सगळे कागद माझ्याकडे दिले. मी नोंद केली, पोच दिली. पुढच्या रविवारी तो घरच्यांना घर दाखवायला घेऊन आला. सोबत त्याची आई होती, मावशी होती. दोघींच्या अंगावर आरशांचा फेटिया, म्हणजे आमच्याकडचा घागरा, हातात कोपरापर्यंत बांगड्या. दोघी जिन्यात उभं राहून मोठमोठ्यानं गोरमाटीत बोलत होत्या, खिडक्या मोजत होत्या, हसत होत्या. मी वरून ऐकलं आणि बरं वाटलं. इमारतीत माझी भाषा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

खालच्या घरांची दारं अर्धी उघडली आणि परत लागली, तेही मी पाहिलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी घरी बोलावलं. त्यांचा हळदीचा व्यापार. माणूस गोड बोलणारा, माझ्याशी कधी वावगं वागलेला नाही. चहा झाल्यावर म्हणाले, "ताई, त्या कंडक्टरच्या अर्जाचं काय करून राहिल्या?"

"समितीपुढं ठेवते. कागद बराबर हायेत. तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवावा लागतो."

"लोकांची तकलीफ हाय. गावाकडचे पाव्हणे येतील, कल्ला होईल. नाकारल्याचं पत्र तुमी तुमच्या सहीनं देऊन टाका."

"कारण काय लिहू?"

"ते तुमाला बराबर लिहिता येतं."

"आन् माझ्याच सहीनं काहून?"

त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमची सही असली म्हंजे कोणी जातीचं नाव काढणार न्हाई. तुमी त्यांच्यातल्याच ना. तुमची गोष्ट येगळी हाय ताई, तुमी तशा वाटत न्हाई."

कप मी अर्धा ठेवून उठले. त्या वाक्याला द्यायचं उत्तर मला जिन्यात सुचलं, घरात सुचलं, अजूनही सुचत असतं.

राजीनाम्याच्या पहिल्या तीन पानांत हे सगळं होतं. माझा नवरा वाचून म्हणाला, "इथंच राहायचंय आपल्याला." मी ती पानं फाडली. मग लिहिलं ते असं: समितीनं माझ्यावर विश्वास ठेवला, सर्व सभासदांचं प्रेम मिळालं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. सचिवपदाचा आणि समिती सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे. या महिन्याची एकतीस तारीख माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. त्यानंतर कोणत्याही कागदावर मी सही करणार नाही. तोपर्यंत सर्व दप्तर अद्ययावत करून समितीसमोर ठेवीन आणि नव्या सचिवांना लागेल ती मदत करीन.

एक तारखेला मी ते अध्यक्षांच्या हातात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. त्यांनी सही केली, पण हसत. "आमी मंजूर केल्याबिगर कसं काय जाल?"

"समिती सदस्यत्वाचा राजीनामा पत्र मिळाल्यापासून महिना झाला की आपोआप लागू होतो. सचिवपद सोडायला दप्तर पुरं करून दाखवावं लागतं, ते मी दाखवते."

"मग त्या अर्जाचं काम पुरं करा, तेबी दप्तरच हाय."

"अर्जावर निर्णय समितीचा असतो. मी पंचवीस तारखेची बैठक लावते. त्यात ठरवा. जे ठरेल ते खरंखरं लिहीन."

माझा हिशेब सरळ होता. बैठकीत प्रत्येकाला तोंड उघडावं लागेल, आणि जो विरोध करील त्याचं नाव इतिवृत्तात येईल. कोण तोंडानं म्हणणार होतं की तांड्यावरचे नकोत?

पंचवीस तारखेला मी पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत सतरंजी टाकली, दप्तर मांडलं. समितीत आम्ही अकरा, कोरमला सहा लागत. आलो तिघं. खजिनदार आले, चौथ्या मजल्यावरची डॉक्टरीणबाई आली आणि मी. बाकीच्यांच्या घरांतून टीव्हीचा आवाज येत होता. तास वाट पाहिली. मग 'गणपूर्तीअभावी बैठक तहकूब' असं लिहून सही केली. तीसला परत बोलावली. तेव्हा डॉक्टरीणबाई आणि मी, दोघीच आलो.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "ताई, तारीख पुढं ढकला ना. तुम्ही गेलात तर अर्ज पडून राहील."

मला ते कळत होतं. पण मी म्हणाले, "शब्द लिहून दिलाय." खरं म्हणजे मला त्या खुर्चीत आणखी एक दिवस बसवत नव्हतं.

एकतीसला मी दप्तराच्या यादीवर सह्या घेतल्या. संध्याकाळी समितीतले सगळे अकरा जण हजर. शाल आणली होती, नारळ आणला होता. अध्यक्षांनी माझ्या कामाचं पाच मिनिटं कौतुक केलं. मी शाल घेतली. का घेतली, कोण जाणे.

नवे सचिव अर्जाकडे फिरकले नाहीत. कंडक्टरच्या कर्जासाठी बँक सोसायटीचं पत्र मागत होती, ते मिळेना. गुरुजींना घाई होती. त्यांनी घर दुसऱ्याला दिलं. पुढं सर्वसाधारण सभेत इतिवृत्त वाचलं, त्यात माझा राजीनामा 'प्रकृतीच्या कारणास्तव' असा नोंदलेला होता. मी उभी राहिले. "माझी प्रकृती उत्तम हाय. पत्रात असं कुठं हाय?"

नवे सचिव शांतपणे म्हणाले, "पत्रात कारणच न्हाई ताई. मग काहीतरी लिहावं लागतं."

लोक हसले. रागानं नव्हे, आपल्या माणसाला हसावं तसे. मी खाली बसले. मोठ्या मनानं जी जागा मी कोरी सोडली होती, तिच्यात त्यांनी मला आजारी करून बसवलं.

तो कंडक्टर नंतर बाळापूरच्या गाडीत भेटला. मला ओळखून गोरमाटीतच बोलला, तिकीट फाडता फाडता. घर बघितलंय म्हणाला, दुसरीकडे, लहान आहे. मग तिकीट माझ्या हातात देत, आईला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "याडी, तुम्ही रागावून गेलात, ते कळलं मला. पण तुम्ही असतात, तर माझा अर्ज निदान कुणीतरी वर काढत राहिलं असतं."

मी तिकीट पर्समध्ये ठेवलं. तो पुढच्या सीटकडे गेला. बाळापूर यायला अजून अर्धा तास होता, आणि तो सगळा वेळ मला त्याच्याच गाडीत बसून राहावं लागलं.