न खोडलेलं टिंब

जरीपटक्याच्या बाजारात मधुसूदन गोतमारेचं लेबल बनवायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक फिरता पंखा आणि भिंतीवर देवाऐवजी फिनाइलच्या बाटल्यांचे नमुने. लोणचं, टोस्ट, अगरबत्ती, केसाचं तेल, बाजारात जे जे पुडीत किंवा बाटलीत शिरतं त्याचं तोंड मधुसूदनच्या हातून रंगतं. गल्लीत मात्र त्याला कोणी त्याच्या नावानं ओळखत नाही. ‘टिंबखोड्या’ म्हणा, लगेच पत्ता मिळेल.

नाव फुकट पडलेलं नाही. एकदा एका लग्नाच्या पत्रिकेत ‘हॉल बसस्टॉपपासून 2 Kms.’ असं छापलं होतं. ह्या बहाद्दरानं नवरदेवाच्या बापाला मांडवात गाठून सांगितलं, की साहेब, km लिहा, दोन्ही अक्षरं लहान, पुढे s नाही आणि टिंब नाही. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पोरीसारख्या सुनेच्या आगमनाचं पाणी होतं, ते तिथंच आटलं.

“एक असो की हजार असो, चिन्ह तेच राह्यते,” मधुसूदन पानठेल्यावर समजावून सांगायचा. “ते काही शब्द तोडून केलेलं नाही, म्हणून त्याले टिंब नाही. अन् K मोठा काढला तर तो तापमानाचा केल्विन होते. तुम्ही हॉलचा रस्ता सांगून राहिले की भट्टीची आच?”

“गोतमारे, पान खा गा,” लोक म्हणायचे.

पण हसणाऱ्यांचीच कामं त्याच्याकडे असायची. कारण सरळ होतं. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘Gms.’, ‘Kgs’, ‘ML’ असं वाट्टेल ते लिहून पाठवायचं. मधुसूदन गुपचूप g, kg, ml करायचा, आकडा आणि चिन्ह यांत एक जागा सोडायचा, आणि प्रूफ पाठवून द्यायचा. गिऱ्हाईक न वाचता ‘ओके’ लिहायचं. पाऊच छापणारा कारखाना फक्त तो ‘ओके’ बघायचा. एवढ्या साखळीत डोळे उघडे ठेवणारा माणूस एकच होता, आणि त्याची मजुरी कोणत्याच बिलात नव्हती.

त्याचा धाकटा भाऊ अश्विन. आईबाप लवकर गेले, तेव्हा मधुसूदननं त्याला शिकवलं, लग्न लावून दिलं. अश्विन पुढे गेला. बुटीबोरीला त्यानं मसाल्याचा कारखाना टाकला. उद्घाटनाच्या दिवशी सत्यनारायण, मांडव, बँकेचे साहेब, मोठ्या दुकानांचे खरेदी करणारे लोक, सगळा थाट. मधुसूदन नवा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसला होता.

एका साहेबानं विचारलं, “हे आपले मोठे भाऊ? काय करतात?”

अश्विननं हसत हसत सांगितलं, “दादा? दादा टिंबं खोडते. मी कारखाना टाकला, त्यानं टिंबं खोडली.”

मांडव खदखदला. मधुसूदनही हसला, अगदी शेवटचा माणूस थांबेपर्यंत हसत राहिला. घरी आल्यावर कुसुमताईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं विचारलं, “जेवले का जी तिथं?” तर म्हणाला, “पोट भरलं.”

महिन्याभरात अश्विनचा मेसेज आला. नव्या पाऊचचा मजकूर होता. वजनाच्या जागी ‘500 Gms.’ आणि मोठ्या पाकिटावर ‘1 Kgs.’ खाली आणखी एक ओळ: दादा, जसं दिलं तसं टाइप कर, डोकं नको लावू, घाई आहे.

मधुसूदनचं बोट कीबोर्डवर गेलं आणि थांबलं. मग त्यानं जसं दिलं तसं टाइप केलं. मोठा G सुद्धा. टिंब सुद्धा. प्रूफ गेलं. अर्ध्या घटकेत ‘ओके’ आलं.

दुसऱ्या दिवशी पाऊचच्या कारखान्यातून फोन आला. “गोतमारे भाऊ, छपाईचं सिलिंडर कोरायले टाकू का? मंग बदल होनार नाही.”

एक शब्द बोलायचा होता. थांबा म्हणायचं होतं. समोर फिनाइलची बाटली होती, तिच्यावर त्यानंच केलेलं 500 ml कसं स्वच्छ, निर्मळ दिसत होतं.

“ओके आलं नं?” तो म्हणाला. “टाका.”

पाऊच झकास निघाले. लाल रंग, सोनेरी अक्षरं. माल दुकानांत लागला. अश्विननं गल्लीत पाकिटं वाटली, सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. मागची बाजू कोणीच वाचली नाही. मागची बाजू वाचणारा गप्प होता.

मग एका मोठ्या दुकानात वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी पाकीट उलटं केलं आणि बाजूला काढलं. वजनाचं चिन्ह नियमाप्रमाणे नाही म्हणून नोटीस निघाली. दंडाचं एकवेळ निभलं असतं. पण त्या दुकानानं सगळा माल परत पाठवला, ते बघून बाकीच्यांनीही पाठवला. वरून बरोबर चिन्हाची चिकटपट्टी लावतो म्हटलं, तर नियमात ते बसत नाही. पाकिटं फोडायची, नवे पाऊच छापायचे, परत भरायचं. तोवर लग्नसराई निघून चालली होती.

मधुसूदन बुटीबोरीला गेला तेव्हा अश्विनची बायको श्वेता नाकाला ओढणी बांधून पाकिटं कापत होती. कामावरच्या बायांना घरी पाठवलं होतं. मसाला पिंपात पडत होता, हवेत तिखट भरलं होतं. तिचे डोळे लाल होते. तिखटानं की कशानं, हे विचारायची सोय नव्हती.

अश्विन ढिगाजवळ उभा होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“दादा, तुले दिसलं होतं का?”

“तूच म्हनलं होतं, जसं दिलं तसं कर.”

“मी तर जलमभर काहीबाही म्हनत आलो. तू कवा ऐकलं माह्यं?” अश्विन त्याच्याकडे बघत राहिला. “आताच काहून ऐकलं?”

मधुसूदनकडे उत्तर होतं. मांडव, साहेब, ते हसणं, सगळं जिभेवर आलं. पण श्वेताची कात्री थांबली होती, ती ऐकत होती, आणि त्या ढिगापुढे मांडवातलं हसणं फार लहान दिसायला लागलं. त्यानं ढिगातलं एक पाकीट उचललं आणि परत ठेवलं.

“दिसलं होतं म्हन्जे,” अश्विन म्हणाला. कात्री परत चालू झाली.

“नवं मी करून देतो. आजच,” मधुसूदन म्हणाला.

“राहू दे. सीताबर्डीवरच्या एका पोरीले दिलं.”

गल्लीला बातमी लागायला वेळ लागत नाही. पानठेल्यावर दोन गट पडले. एक म्हणे, मोठ्या भावानं धाकट्याला जागा दाखवून दिली, बरं झालं. दुसरा म्हणे, सख्ख्या भावाच्या घरात मुद्दाम आग लागू दिली. गंमत अशी, की उद्घाटनाच्या जेवणावर दोन्ही गटांनी सारखाच ताव मारला होता. तेव्हापासून मधुसूदनला टिंबखोड्या म्हणून कोणी हाक मारत नाही. तो आला की लोक नुसतेच सरकून जागा देतात.

हिवाळ्यात एक दिवस कुसुमताईंनी पिशवीतून किराणा काढला. त्यात अश्विनचं मसाल्याचं पाकीट होतं. आधी ते अश्विनकडून घरी आपोआप आलं होतं, ह्या वेळी त्यांनी ते दुकानातून आणलं होतं. मधुसूदननं हातात घेतलं. 500 g. मधे एक जागा, g लहान, पुढे काही नाही. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

“काय पाहून राहिले?” कुसुमताईंनी विचारलं. “चुकलं काय काही?”

“नाही,” तो म्हणाला. “बरोबर हाय.”

त्यांनी पाकीट घेऊन कात्रीनं कोपरा कापला आणि भाजीत मसाला टाकला.