पिशवीत काय नाही ते सांग

माझी थोरली बहीण बावीस वर्षं पाळणाघर चालवते. मुलं आणि त्यांच्या आया तिला मावशी म्हणतात. मी अक्का म्हणतो. तिला स्वस्थ बसलेली मी क्वचितच पाहिली आहे. चहासुद्धा ती खिडकीशी उभी राहून पिते, आणि निम्मा तिथेच विसरते.

रोज सकाळी दारात उभी राहून ती प्रत्येक मुलाची पिशवी हातात घेते.

"सगळं आहे हो मावशी," घाईतली एखादी आई म्हणते.

"सगळं म्हणू नकोस. काय नाही ते सांग."

मग त्या बाईला आठवतं, की जादा चड्डी राहिली किंवा खोकल्याचं औषध फ्रीजमध्येच आहे. 'सगळं' या शब्दावर अक्काचा विश्वास नाही.

पाळणाघराची जागा तिची स्वतःची, पहिल्या मजल्यावर. खाली चष्म्यांचं दुकान. यंदा तिच्या बाथरूमचं पाणी दुकानाच्या छतातून झिरपू लागलं. चष्मेवाला तसा सभ्य माणूस, पण तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर थेंब पडला तेव्हा तो तडक वर आला.

"ताई, मी लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून बसलोय, त्यांना आंघोळ घालायला नाही."

दोनदा वरवरचं लिंपण करून झालं होतं. आता फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अक्काची खरी धास्ती वेगळी होती. सुट्टीतला एकच आठवडा तिला पाळणाघर बंद ठेवता येणार होतं. काम लांबलं, किंवा करूनही गळतच राहिलं, तर आयांनी काय करायचं? कोपऱ्यावर नवीन, रंगीबेरंगी पाळणाघर उघडलं होतंच. बावीस वर्षांची माया खरी, पण सकाळी नऊला ऑफिस गाठायचं असतं तेव्हा मायेला कोण विचारतो!

तिने तीन कंत्राटदारांकडून भाव मागवले आणि मला बोलावलं.

"तू आयुष्यभर खरेदी विभागात बसलास ना? मग हे बघ. तीन माणसं, एकच बाथरूम आणि भाव तीन गावचे."

पहिला माणूस चष्मेवाल्याने पाठवलेला. भाव एक लाख वीस हजार. दुसरा एक लाख पासष्ट. तिसरा दोन लाख दहा. हा माणूस तासभर मोजपट्टी घेऊन बाथरूममध्ये रांगला होता, म्हणून मुलांनी त्याचं नाव मोजपट्टीकाका ठेवलं होतं.

"नव्वद हजारांचा फरक!" अक्का खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाली. "मोजपट्टीचेच पैसे लावलेत की काय?"

"बस जरा."

"तू बस. मला उभ्यानेच कळतं."

बेरजांकडे न पाहता मी कामांची नावं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे तीन रकाने आखले. ज्याने जे लिहिलं नव्हतं तिथे जागा कोरी सोडली. स्वस्त माणसाच्या रकान्यात कोऱ्या जागाच जास्त. टाइल्स मालकाने आणायच्या. जुने पाइप बदलणं नाही. राडारोडा उचलणं नाही. शिवाय कर वेगळा. दुसऱ्याने टाइल्स आणि राडारोडा धरला होता, पण पाइप नव्हते, आणि कर वेगळा हे शब्द पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात. पाइप आणि राडारोड्याचा भाव मी मोजपट्टीकाकांच्या पत्रकातून घेतला, टाइल्सचा दुकानात फोन करून विचारला. कर मिळवला. पहिला दोन लाख आठ हजारांवर गेला, दुसरा दोन लाख वीसच्याही पुढे.

"आणि तिसरा?"

"करासकट दोन लाख दहा. पण त्यात फॉल्स सीलिंग आहे सोळा हजारांचं. तुला हवंय का?"

"बाथरूममध्ये? मुलं वर बघत बसतात होय? काढ ते!"

म्हणजे एक लाख चौऱ्याण्णव. सर्वांत महाग दिसणारा सर्वांत स्वस्त निघाला. मी पेनाला टोपण लावलं. माझ्या मते काम संपलं होतं.

अक्का मात्र थांबली नाही. ती कागद घेऊन बाथरूमच्या दारात गेली आणि पिशवी तपासावी तसं मोठ्याने म्हणू लागली. "फोडलं. राडा उचलला. पाइप घातले. वॉटरप्रूफिंग केलं. टाइल्स बसवल्या." तिचं बोट कागदावर अडलं. "अरे, पण गळत नाही हे कधी कळणार? टाइल्स बसल्यावर?"

मी तिन्ही पत्रकं पुन्हा पाहिली. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून ठेवायची चाचणी कोणीच धरली नव्हती. माझ्या तक्त्यात त्यासाठी कोरी जागासुद्धा नव्हती, कारण मी फक्त एकाचं दुसऱ्याशी जुळवत होतो. तिघांनीही गाळलेली गोष्ट तिथे दिसणार कशी?

तिने तिथूनच फोन लावले. पहिला माणूस हसला. "बाई, आपलं काम गळतच नाही, चाचणी कशाला?" दुसरा म्हणाला, "टाइल्स लागल्यावर बघू. काही निघालं तर वेगळा हिशोब करू." मग मोजपट्टीकाकांना लावला.

"करायलाच पाहिजे. पण तुम्ही आठवड्यात काम मागितलंत, म्हणून मी ती धरली नाही. दोन दिवस वाढतील."

"पैसे?"

"पैसे नाही वाढणार. गळलं तर पुन्हा करून देणं माझ्याकडे."

"दोन दिवस मी आयांकडून मागून घेते. पण ते लिहून द्या," अक्का म्हणाली. त्यांनी लिहून दिलं, सीलिंग काढून टाकलं. चष्मेवाल्याचं तोंड आंबट झालं. "ताई, माझा माणूस उद्यापासून लागला असता!"

काम सुरू झालं तसा अक्काचा जीव आणखीच वरखाली. फोडाफोडी, पाइप, वॉटरप्रूफिंगचा थर, तो वाळणं. मग निचऱ्याचं तोंड बंद करून टाचभर पाणी साठवलं. ती सारखी खाली जाऊन दुकानाच्या छताकडे पाही, पुन्हा वर. चष्मेवाला म्हणाला, "ताई, तुमच्या मानेचा नंबर काढू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी छताच्या कोपऱ्यात बशीएवढा ओलसर डाग उमटला.

अक्का जिन्यातच मटकन बसली. तिला बसलेली पाहून मलाच धस्स झालं. मोजपट्टीकाका आले, पाणी काढलं, निचऱ्याच्या जाळीभोवतीचा थर खरवडून पुन्हा केला. वाळवायला वेळ, पुन्हा पाणी, पुन्हा दोन दिवस. पैसे मागितले नाहीत. पण सुट्टीतला आठवडा केव्हाच सरला होता.

तिने पुन्हा एकेका आईला फोन केला. कुणी आजीला बोलावून घेतलं, कुणी रजा टाकली. जुळ्यांची आई म्हणाली, "मावशी, मला जमणार नाही हो," आणि जुळी कोपऱ्यावरच्या पाळणाघरात गेली. अक्का फोन ठेवून कितीतरी वेळ पुसलेलाच ओटा पुसत राहिली.

दुसऱ्या खेपेला छत कोरडं राहिलं. चष्मेवाला स्टुलावर चढून हात फिरवून आला. "कोरडं ठणठणीत," तो म्हणाला, आणि मग जरा ओशाळून, "माझ्या माणसाने त्या गळक्या थरावरच टाइल्स ठोकल्या असत्या."

पाळणाघर पुन्हा उघडलं त्या सकाळी मी तिथेच होतो. "तुझा तो तक्ता आण," अक्का म्हणाली. "मोजपट्टीकाकांच्या भावाखाली जुळ्यांची फी लिही, आणि बंद दिवसांचीही. ते तुम्ही कुणी धरलंच नव्हतं."

"तरीही हाच भाव परवडला."

"परवडला रे. पण लिही तर खरं."

मी लिहीत होतो, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अक्का दाराकडे धावली. जुळ्यांची आई नव्हती; दुसरीच होती, हातात पिशवी.

"सगळं आहे हो मावशी."

अक्काने पिशवी घेतली, पण नजर अजून जिन्याकडेच होती. "काय नाही," ती म्हणाली, "ते सांग."