बंडोपंतांनी न लिहिलेली नोटीस

आर्वीच्या एसटी आगाराच्या मागच्या गल्लीत एक काळा फळा भिंतीला टांगलेला आहे. फळा शाळेचा नाही. तो बंडोपंत मुळावकरांच्या घराबाहेर, नळाच्या वरच्या बाजूला आहे. पाण्याला आलेल्या बाया गुंड-कळशी भरेपर्यंत तो वाचतात आणि पाणी नसलेल्या दिवशी मुद्दाम वाचायला येतात.

बंडोपंत पंचायत समितीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले त्याला तेरा वर्षं झाली. माणूस निवृत्त झाला की सकाळी फिरायला जातो. बंडोपंतही जात, पण ते कचेऱ्यांमधून फिरत. तहसीलच्या नोटीस बोर्डापासून सुरुवात, मग नगर परिषद, दोन कॉलेजांचे परीक्षा विभाग, तालुका कृषी कार्यालय, आणि येताना मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक. कुठे महिनाभराचं, आठवड्याचं, चार दिवसांचं काम निघालं आहे ते पाहायचं आणि घरी येऊन फळ्यावर लिहायचं. काम कसलं, भेटायचं कोणाला, कागद कोणते न्यायचे आणि कधीपर्यंत. खाली एक ओळ मात्र कधी पुसली जात नसे : ‘काम देण्यासाठी पैसे मागितले तर परत फिरा.’

छायाला त्या फळ्याचा शोध दोन वर्षांपूर्वी लागला. बी.ए. झालेली, लग्नानंतर वीस वर्षं घरात. नवरा हिरालाल जिनिंगवर. कापूस संपला की त्याचं कामही संपायचं आणि उन्हाळा तोंड वासून उभा राहायचा. मुलगी ईरा वर्ध्याला नर्सिंगला, वसतिगृहात. फळ्यासमोर चार दिवस नुसती घुटमळलेली छाया पाचव्या दिवशी दारात आली, तेव्हा बंडोपंतांनी तिची डिग्री विचारलीच नाही.

“पहाटे उठता येतं?”

“हो काका.”

“तीन तास न बसता उभं राहता येतं?”

“येतं.”

“आणि ओळखीच्या पोराला ‘नाही’ म्हणता येतं?”

तिसरा प्रश्न परीक्षेच्या वर्गावरच्या सुपरव्हिजनचा होता, हे छायाला नंतर कळलं. तोवर बंडोपंतांनी तिला शकुबाईकडे पाठवून दिलं होतं. “आधी लग्नं करा. परीक्षा मग पाहू.”

शकुबाईची पंधरा-सोळा बायांची टोळी. लग्नसराईत आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटायच्या, भाज्या चिरायच्या, पंगत असेल तर वाढायचं. काम मंगल कार्यालयातून किंवा आचाऱ्याकडून मिळतं, तारखा दोन महिने आधी ठरतात, आणि एकदा शब्द दिला की ताप आला तरी जावं लागतं, नाही तर पुढच्या हंगामात कोणी विचारत नाही. छाया हे तिथेच शिकली. शकुबाईने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं.

“ये मास्तरीण, तुही पुरी पाह्य. हा नकाशा हाय का पुरी हाय वं?”

पण महिन्याभरात कुठलाही कागद आला की टोळी तो छायापुढे धरू लागली. शिकलेली बाई आपल्यात आहे याचा शकुबाईला आचाऱ्यापेक्षाही जास्त तोरा.

या वर्षी मे महिन्यात जनगणनेची घरयादी, म्हणजे दारोदार जाऊन घरांची मोजणी, सुरू व्हायची होती. गावात दुसरा विषय नव्हता. आणि नेमका त्याच वेळी बंडोपंतांचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे फिरणं बंद केलं. फळा कोरा राहू लागला तसे लोक विचारायला लागले, आणि बंडोपंतांना ते सहन झालं नाही. शेजारचे प्रभाकरराव फोनवर आलेले निरोप वाचून दाखवायचे. त्यातले दोन बंडोपंतांनी न पाहता फळ्यावर लिहिले. एक पिकांच्या नोंदीसाठी गावोगाव सहायक हवेत म्हणून होता, त्यासाठी तलाठ्याला भेटायचं. दुसरा एका खासगी परीक्षा केंद्राचा. दोन्ही खरे निघाले.

तिसरा निरोप फळ्यावर आलाच नाही. तो थेट सगळ्यांच्या फोनवर आला. ‘जनगणनेसाठी प्रगणक भरती. दहावी पास. नोंदणी फी ४९९. आज संध्याकाळी पाचपर्यंत.’ आणि खाली कोणीतरी जोडलं होतं : ‘बंडोपंतांच्या फळ्यावरून.’

त्या दिवशी टोळी लग्नाच्या कामावर होती. अकरा वाजता पुऱ्यांची पहिली खेप उतरली तेव्हा शकुबाईने छायाला बाजूला घेतलं. कमरेच्या पिशवीतून नोटांची गुंडाळी काढली.

“आठ जणींचे हायेत. तुह्या फोनवरून भरून टाक. पाच वाजेपर्यंत म्हणते.”

“शकुबाई, मी अजून फळ्यावर नाही पाहिलं. आणि पैसे मागितले तर परत फिरा, असं काकाच लिहितात.”

“अवं, नाव लिवलं हाय ना त्याईचं! काऊन इतकी भेतं? मोहिनीनं तर पोराच्या ट्यूशनचे देल्ले.”

मोहिनी टोळीतली दुसरी बी.ए. पीठ लागलेले हात वर धरून ती छायाकडे पाहत होती. छायाने नोटा मोजल्या नाहीत. तिला गुंडाळीचं वजनच पुष्कळ झालं. भरले नाहीत तर आठ जणींचं काम आपल्या भित्रेपणाने गेलं. भरले आणि बुडाले तर ‘शिकलेली होती ना तू’ हे आयुष्यभर ऐकायचं. दोन वाजता हात धुवून ती थेट आगारामागच्या गल्लीत गेली.

बंडोपंत खाटेवर पाय लांब करून बसले होते. छायाने फोन पुढे केला. त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“मग खोटं आहे?”

“तेही मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही.” त्यांनी काठी शोधायला हात लांबवला. “चला.”

“काका, ऊन बघा बाहेर! मी जाऊन येते. तुम्ही फक्त सांगा कुठं विचारायचं.”

“माझं नाव आहे त्याच्यावर. तुमचं नाही.”

तहसील कचेरी तिथून जेमतेम पंधरा मिनिटांवर. त्यांना पन्नास मिनिटं लागली. वाटेत दोनदा लिंबाखाली थांबावं लागलं. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा बंडोपंत म्हणाले, “मागचे दोन मी न पाहता लिहिले होते, छायाताई. खरे निघाले हे माझं नशीब. पण फळ्यावर ऐकीव गोष्ट चालते अशी लोकांना सवय लावली ती मीच.” छायाला वाटलं काहीतरी समजुतीचं बोलावं. पण ते तिच्याकडे पाहतच नव्हते, पुढच्या सावलीचं अंतर मोजत होते.

जनगणनेचा लिपिक तरुण होता. टेबलावर नकाशे आणि शाळांची पत्रं. निरोप पाहून तो हसला.

“काका, सकाळपासून तुम्ही सतरावे. प्रगणक आम्ही भरती करत नाही. शाळा-कार्यालयांकडून कर्मचाऱ्यांच्या याद्या मागवतो, त्यातून नेमतो. बहुतेक मास्तर लोकच. फी कुठली आली?”

“लेखी द्याल?” बंडोपंतांनी विचारलं.

“साहेबांनी दुपारीच सूचना लावली आहे. बाहेर बोर्डावर बघा.”

बाहेर बोर्डावर सहीशिक्क्यासह ती सूचना होती. बंडोपंतांनी बोट ठेवून ती शब्दन् शब्द वाचली आणि खिशातल्या डायरीत उतरवून घेतली. छायाच्या छातीवरचा दगड उतरला. पैसे वाचले, पण काम? ते तर कुठेच नव्हतं.

सूचनेच्या शेजारी प्रशिक्षणाला बोलावलेल्यांची यादी होती. लांबलचक. छाया ती उगाच वाचत गेली आणि मध्येच थांबली.

“काका, यात इथल्या एकाच कॉलेजचे चौदा जण आहेत. अकरावी-बारावीचे, ज्युनियरचे शिक्षक.”

“असतील.”

“पण विद्यापीठाच्या परीक्षा चालू आहेत तिथं. सुपरव्हिजन ज्युनियरचेच लोक करतात ना? हे चौदा घरं मोजायला गेले, तर वर्गांवर कोण?”

बंडोपंत तिच्याकडे वळले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

“प्रशिक्षण सोमवारपासून आहे,” ते म्हणाले. “कॉलेजचं ऑफिस साडेपाचला बंद होतं. पदवीची गुणपत्रिका घरी कुठं आहे ते आठवतंय?”

छायाला आठवत होतं. ट्रंकेत, ईराच्या बाळंतविड्याच्या झबल्याखाली. पण काकांनी काठीने पुढे जायची खूण केली तशी ती आधी मंगल कार्यालयाकडे धावली. वरात निघायची गडबड होती, भांडी घासायला बसलेल्या बायांत शकुबाई. छायाने एकेकीच्या हातात तिचे तिचे पैसे ठेवले.

“भरती नाही. तहसीलमध्ये विचारून आले. काका स्वतः आले होते चालत.”

“तशा गुडघ्यानं?” शकुबाईचा हात भांड्यावर थांबला. तिने नोटा पिशवीत कोंबल्या. मग कढईवर जोरजोरात काथ्याचा चोथा फिरवत म्हणाली, “म्या नाव पाह्यलं अन् इस्वास ठेवला. माणूस पाहाले पाह्यजे होता. काय पाहून राह्यली वं मास्तरीण, जाय आता. मोहिनीलेई घेऊन जाय, तिच्या वाटच्या भांड्याले मी हाय.”

परीक्षा विभागात केंद्राधिकारी बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. दोन अर्ज, दोन गुणपत्रिका, आधारच्या प्रती. या केंद्रावर जवळचा कोणी नातेवाईक परीक्षेला बसलेला नाही असं लिहून घेतलं. “सोमवारी साडेआठला. मोबाईल बाहेर ठेवायचा. उत्तरपत्रिका मोजून झाल्याशिवाय एकही मूल वर्गाबाहेर नाही,” त्या म्हणाल्या आणि नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

सोमवारी छायाच्या वर्गाच्या यादीवर चाळीस परीक्षार्थी. हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, उत्तरपत्रिकेचा क्रमांक आणि हजेरीपटावरची सही, सगळं ती दोनदा पाहत होती. तिसऱ्या बाकावर प्रभाकररावांचा पुतण्या. दीड तासाने त्याने हळूच म्हटलं, “काकू, जरा मागं वळून विचारू का?” छायाने मानेनेच ‘नाही’ म्हटलं. शेवटी उत्तरपत्रिका मोजल्या : अडतीस, आणि गैरहजर दोन. मग दार उघडलं.

संध्याकाळी ती गल्लीत गेली. फळ्यावर तहसीलची सूचना होती आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मागील आठवड्यातील दोन नोटिसा मी न पाहता लिहिल्या होत्या. चूक माझी. — बं. मुळावकर.’ नळावर एक बाई दुसरीला ती वाचून दाखवत होती.

“काका, अजून सहा जण हवेत तिथं. पदवीधर. महिनाअखेरपर्यंत. लिहा ना फळ्यावर. केंद्राधिकारी बाईंनी स्वतः सांगितलं मला.”

“तुम्हाला सांगितलं,” बंडोपंत म्हणाले. “मला नाही.”

“मी डोळ्यांनी पाहून आले काका! मी तिथंच तर काम करते.”

“म्हणूनच उद्या तुमच्याबरोबर येतो.”

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या ड्युटीसाठी छाया सव्वासातलाच घरातून निघाली. बंडोपंत आपल्या दारात तयार होते, खिशात डायरी, हातात काठी. प्रभाकरराव ओट्यावरून ओरडले, “अहो, फोन करून विचारा की!” बंडोपंतांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पहिली पायरी उतरायला काठी टेकून दुखरा उजवा पाय पुढे टाकला.