वसंतामामींची ज्वारी

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये वसंतामामींकडून पोळ्या नेणाऱ्या घरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मामींसमोर तयार आट्याच्या पाकिटाचं नाव काढायचं नाही. तंजावरकडच्या मराठी घरातल्या या बाई नवऱ्यामागे एकट्या राहत आणि सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटून विकत. गहू स्वतः निवडायचा, त्यात थोडी ज्वारी, थोडी बाजरी घालायची आणि एळुमलैच्या गिरणीत समोर उभं राहून दळून आणायचं. बाजरी जास्त नाही घालायची, चेन्नईच्या उकाड्यात पीठ लगेच कडू होतं. "पाकिटात किती दिवसांचं पीठ असतं कोण जाणे," त्या म्हणत, "माझं हाताला अजून गरम लागतं."

वरच्या मजल्यावर निधी आणि मंदार हे नवरा-बायको राहायला आले, दोघेही जळगावकडचे. निधीला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे कणभरही पोटात गेला तर आतडी सुजायची; डॉक्टरांनी जन्मभराचं पथ्य सांगितलं होतं. मामींनी आपणहून तिच्यासाठी नुसत्या ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या. तवा वेगळा, परात वेगळी, आणि काम पोळ्यांच्या आधी. भाकरी अशा मऊ की घडी घातली तरी तुटत नसत.

पण निधी बरी होईना. पोटात कळा, गळून जाणं, केस गळणं. नव्या रक्ततपासणीतही आजार तसाच चढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "गहू कुठून जातोय?"

त्या संध्याकाळी मंदार खाली आला. दारातच उभा राहिला.

"मामी, खरं सांगा. भाकरी तुटू नये म्हणून कणीक मिसळता का?"

मामींच्या हातातलं लाटणं थांबलं. "काय म्हणालास?"

"ज्वारीची भाकरी इतकी मऊ राहत नाही. माझी आई करते, मला माहीत आहे."

"उकळत्या पाण्यात पीठ मळलं की राहते. तुझ्या आईला विचार." मामींनी लाटणं खाली ठेवलं. "त्या पोरीच्या पोटात मी विष घालीन?"

मंदार वर गेला. दुसऱ्या दिवशी डबा न्यायला कोणी आलं नाही.

रात्रभर मामींना राग आवरेना. सकाळी त्या ज्वारीची पिशवी घेऊन गिरणीत गेल्या. एळुमलैकडून चार लोकांसमोर वदवून घ्यायचं होतं की माझ्या पिशवीत ज्वारीशिवाय काही नसतं. गिरणीत त्यांच्या पुढे एका हॉटेलचा गहू चालू होता. तो संपला. एळुमलैने यंत्र चालू ठेवूनच वरच्या पेटीत त्यांची ज्वारी ओतली.

आजवर मामींची नजर असायची ती आपल्या धान्यावर. आज प्रथमच ती यंत्रावर गेली.

"थांबव," त्या तमिळमध्ये ओरडल्या. "बंद कर!"

यंत्र थांबलं. त्यांनी पीठ खाली येतं ती कापडी नळी हाताने झटकली. गव्हाचं पिवळसर पीठ भुरभुर खाली पडलं.

"हे कुणाचं?"

"आधीचं थोडं राहतंच, मामी," एळुमलै म्हणाला. "आतल्या चकत्यांनाही चिकटतं. कोणाला काय फरक पडतो?"

"दर वेळी राहतं?"

"गिरणी आहे. सगळ्यांचं सगळं इथेच दळतो."

मामी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. लोकांसमोर वदवून घ्यायला आल्या होत्या. आता तिथून पळून जावंसं वाटत होतं. पीठ न घेताच त्या निघाल्या, ते थेट वरच्या मजल्यावर.

दार मंदारने उघडलं. मामी उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "मी मिसळलं नाही. पण गहू माझ्याच हातून गेला. गिरणीतून." आणि जे पाहिलं ते सांगितलं. निधी आत सोफ्यावर पडली होती. ती उठून बसली. मंदारची मान खाली गेली.

"पहिलं मूठभर पीठ टाकून दिलं तर?" निधीने विचारलं.

"त्या भरवशावर तुला खायला घालणार नाही मी."

मग निधीनेच सांगितलं की गव्हाचा अंश नाही हे तपासून, तसा छाप मारून ज्वारीचं पीठ मिळतं. पाकिटात.

मामींनी नळीचं पीठ लागलेले हात पदराला पुसले. "आण," शेवटी म्हणाल्या. "आणि ते मी तुझ्या स्वयंपाकघरातच करणार. खाली गव्हाची धूळ आहे."

पाकिटातल्या पिठाला विरी नव्हती, चिकटपणा गेलेला. पहिली भाकरी थापताना फुटली, दुसरीही. मामींनी ओठ आवळून पाणी पुन्हा उकळलं, पीठ झाकून ठेवलं आणि जास्त वेळ मळलं. तिसरी भाकरी कडेला चिरली, पण टिकली. निधीने ती गरम गरम खाल्ली. मंदार ताट वाढत होता, पण मामींशी त्याला अजून बोलता येत नव्हतं.

पुढच्या तपासणीत आजार उतरायला लागलेला दिसला. बाकीच्या घरांसाठी मामी गिरणीतच दळून आणत राहिल्या, तेच गहू-ज्वारी-बाजरी. मात्र कोणी नवं गिऱ्हाईक आलं की त्या आधी विचारतात, "घरात कुणाला गहू वर्ज्य आहे का?" आणि हो म्हटलं तर आपल्या स्वयंपाकघरातलं काहीही द्यायला साफ नकार देतात.